ऑडिट लॉग : बुकिंगमधील बदलांची नोंद आणि संपादनाचे अधिकार

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेत सभागृह, वाहन, उपकरणे किंवा भेटीची वेळ यांचे आरक्षण बरेच जण हाताळतात. त्यातले कोणते बुकिंग कोणी, केव्हा आणि का बदलले किंवा रद्द केले, याची आपोआप होणारी आणि नंतर खोडता न येणारी नोंद म्हणजे ऑडिट लॉग. मूळ नोंदीला हात कोणी लावायचा हे ठरवणारे अधिकार हा याच व्यवस्थेचा दुसरा भाग आहे.

लॉगमधील एका ओळीत बुकिंग क्रमांक, बदललेला रकाना, त्यातला जुना मजकूर, नवा मजकूर, बदल करणारी व्यक्ती, वेळ आणि कारण एवढे असले की पुरते. यातला जुना मजकूर हमखास गाळला जातो. ‘बुकिंग बदलले’ एवढेच लिहिलेला लॉग दिसायला भरगच्च असतो, पण पूर्वी काय होते ते त्यातून कळत नाही. मग चूक दुरुस्त करायची झाली की पुन्हा फोनाफोनी आलीच.

समजा, एकाच नावाच्या दोन व्यक्तींनी शनिवारसाठी सभागृह घेतले आहे : क्रमांक २१४ सकाळचे, क्रमांक २१९ संध्याकाळचे. सकाळचे बुकिंग रद्द करा, असा फोन येतो आणि स्वयंसेवक नावावरून शोधून २१९ रद्द करतो. तासाभराने दुसरी स्वयंसेविका संध्याकाळची मोकळी दिसणारी वेळ तिसऱ्याच गटाला देते. रद्द करणे म्हणजे ओळ पुसून टाकणे अशी पद्धत असेल, तर २१९ कधी अस्तित्वात होते याचाही पुरावा उरत नाही आणि संशय दुसऱ्या बुकिंगवर जातो. म्हणून ओळ पुसायची नसते, तिची स्थिती ‘निश्चित’वरून ‘रद्द’ करायची असते. लॉग वाचला की क्रम उलगडतो : १८:०५ ला २१९ रद्द, कारण ‘फोनवरून विनंती, सकाळचा कार्यक्रम’, १९:१० ला २२६ नव्याने दाखल. कारणात ‘सकाळचा’ आणि बुकिंग संध्याकाळचे, ही विसंगतीच चूक दाखवून देते. मात्र लॉग उलटा फिरवून २१९ परत ‘निश्चित’ करता येत नाही, कारण ती वेळ आता २२६ कडे आहे. लॉग फक्त काय घडले ते सांगतो. तोडगा माणसांनाच काढावा लागतो.

ही नोंद अॅपच्या कोडमधून लिहिली, तर एक्सेलमधून एकगठ्ठा भरलेले किंवा डेटाबेसमध्ये थेट केलेले बदल तिच्यातून निसटतात. म्हणून ती डेटाबेसमधील ट्रिगरकडे, म्हणजे तक्त्यात बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडकडे, सोपवणे बरे. पण इथे एक मेख आहे. सगळे स्वयंसेवक एकाच अॅपमधून काम करतात आणि ते अॅप बहुधा एकाच डेटाबेस खात्याने जोडलेले असते, त्यामुळे ट्रिगरला प्रत्येक बदल त्या एकाच खात्याने केलेला दिसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या, सुरुवातीला खऱ्या व्यक्तीचा क्रमांक सांगणे. ट्रिगर तो वाचून लॉगमध्ये लिहितो.

```sql
BEGIN;
SELECT set_config('app.user_id', '37', true);
UPDATE bookings SET status = 'cancelled' WHERE id = 219;
COMMIT;
```

शेवटच्या `true` मुळे हा क्रमांक त्या व्यवहारापुरताच टिकतो, पुढच्या माणसाच्या माथी लागत नाही. अॅपच्या खात्याला लॉगच्या तक्त्यावर ओळी भरण्याचा `INSERT` आणि वाचण्याचा `SELECT` एवढेच अधिकार द्यायचे, बदलण्या-पुसण्याचे `UPDATE`, `DELETE` आणि `TRUNCATE` द्यायचे नाहीत. तरीही त्या तक्त्याची मालकी ज्या खात्याकडे असते त्याला लॉग बदलता येतोच. त्यामुळे लॉगची प्रत रोज दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात जाणे इष्ट.

ही सगळी तटबंदी एका गोष्टीने कोसळते : सामायिक पासवर्ड. टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लॉगिन लिहिलेले असेल, तर लॉगमध्ये प्रत्येक ओळीसमोर ‘कार्यालय’ असेच येणार. मध्यरात्रीही ‘कार्यालय’ बदल करते किंवा एकाच मिनिटात दोन ठिकाणांहून काम करते, असे दिसले की खाते वाटून वापरले जात आहे हे ओळखावे.

अधिकारांची उतरंड तीन पायऱ्यांची पुरे होते. बहुतेकांना पाहणे आणि नवे बुकिंग घेणे, मोजक्या पाळीप्रमुखांना बदलणे आणि रद्द करणे, आणि एकदोघांना खाती देणे-काढणे. बदलाचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवणे मात्र घातक, कारण ती व्यक्ती रजेवर गेली की तिचा पासवर्ड फिरू लागतो. बाकीच्यांसाठी ‘रद्द करण्याची विनंती’ असे बटण ठेवले, तर काम अडत नाही आणि विनंती कोणाची, मंजुरी कोणाची हे दोन्ही लॉगमध्ये उतरते. काम सोडून गेलेल्या स्वयंसेवकाचे खाते बंद करावे, पुसू नये. पुसले तर जुन्या ओळींतील क्रमांक ३७ म्हणजे कोण, हे सांगणारे काही उरत नाही.

जुन्या मजकुराच्या रकान्यात लोकांचे फोन नंबर आणि नावेही साठत जातात. त्यामुळे लॉग सर्वांना वाचायला खुला नसावा आणि तो किती काळ ठेवायचा हेही आधीच ठरवावे लागते.