खारे पाणी गोडे करण्यासाठी लागणारा किमान दाब (रिव्हर्स ऑस्मोसिस)

मिठाचे द्रावण आणि शुद्ध पाणी यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारे पण मीठ अडवणारे अर्धपार्य पटल असले, की पाणी आपोआप मिठाच्या बाजूला जाते. हा ओघ थोपवण्यासाठी मिठाच्या बाजूने जेवढा जादा दाब द्यावा लागतो, तो त्या द्रावणाचा परासरण दाब. दाब त्याहून वाढवला तर ओघ उलटतो आणि पटलापलीकडे गोडे पाणी येऊ लागते. रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजेच आरओ, यावरच चालते. त्यामुळे किमान दाब काढणे म्हणजे परासरण दाब काढणे. मात्र तो कोणत्या पाण्याचा काढायचा, यावर उत्तर ठरते.

विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने परासरण दाबाची मोजमापे 1877 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या आधारे डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ याने पुढील सूत्र मांडले:

π = iMRT

यात M म्हणजे एका लिटरमधील मोल, T म्हणजे केल्विनमधील तापमान आणि R म्हणजे वायू स्थिरांक (0.0831 लिटर-बार प्रति मोल-केल्विन). i म्हणजे विरघळल्यावर एका रेणूचे किती कण होतात ती संख्या. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, म्हणून त्याच्यासाठी i = 2.

समुद्राएवढे खारट, म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेले 25 अंश सेल्सिअसचे द्रावण घेऊ. मिठाचे मोलर वस्तुमान 58.44 ग्रॅम असल्याने M = 35 ÷ 58.44 = 0.599. तापमान 298 केल्विन. म्हणून

π = 2 × 0.599 × 0.0831 × 298 ≈ 29.7 बार

साधारण 30 बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ तीसपट. i विसरला तर उत्तर 15 बार येते, आणि त्या दाबावर पंप चालवला तर गोड्या पाण्याचा थेंबही मिळत नाही. प्रत्यक्षात आयन एकमेकांवर परिणाम करत असल्यामुळे या द्रावणाचा दाब थोडा कमी, सुमारे 28 बार भरतो. खऱ्या समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट असे इतरही आयन असतात. त्याचा दाब सुमारे 26 बार असतो.

हे 30 बार पहिला थेंब मिळण्यापुरतेच आहेत, आणि पाठ्यपुस्तकातील उदाहरण सहसा इथेच थांबते. गोडे पाणी निघून जाते तसे मागे उरलेले पाणी अधिक खारट होते. 100 लिटरमधून 50 लिटर गोडे पाणी काढले आणि मीठ सगळे मागेच राहिले, तर उरलेल्या पाण्यात लिटरमागे 70 ग्रॅम मीठ असते. सूत्राने त्याचा परासरण दाब 59 बार येतो. पंपाचा दाब 40 बार असेल, तर पटलाच्या सुरुवातीच्या भागात पाणी मिळेल, पण वाटेतच उरलेल्या पाण्याचा परासरण दाब 40 बारांवर पोहोचेल आणि पुढचे पटल वाया जाईल. म्हणून एकाच टप्प्याच्या संयंत्रात किमान दाब आत येणाऱ्या पाण्यावरून ठरत नाही, बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यावरून ठरतो. गोडे पाणी म्हणून काढायचा वाटा r असेल, तर

किमान दाब ≈ π ÷ (1 − r)

याच कारणाने समुद्राच्या पाण्यावरील संयंत्रे साधारण 55 ते 70 बारांवर चालवली जातात. किमान दाबावर बरोबर थांबले तर प्रवाह शून्याकडे जातो. पाणी ढकलण्याचे काम वरचा जादा दाबच करतो. शिवाय पटलाने अडवलेले मीठ त्याच्या पृष्ठभागालगत साचते, आणि पटलाला जाणवणारा परासरण दाब मुख्य प्रवाहातल्या पाण्याच्या परासरण दाबापेक्षा जास्त असतो. पटलावरून पाणी जोरात वाहते ठेवले तर हा थर पातळ राहतो.

एखाद्या संयंत्रातला खरा किमान दाब मोजताही येतो. अगदी थोडेच पाणी गोडे होईल अशा बेताने वेगवेगळे दाब द्यावेत आणि गोड्या पाण्याचा प्रवाह आलेखावर मांडावा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवून शून्य प्रवाहाला जिथे मिळते, तो दाब पटलाच्या दोन्ही बाजूंच्या परासरण दाबांमधला फरक असतो. जास्त दाबांवर प्रवाह या रेषेपेक्षा कमी भरू लागला, तर पटलालगत मीठ साचते आहे असा संशय घ्यावा.

फार खारट पाण्यात सूत्राची चूक दिशा बदलते. लिटरमागे 140 ग्रॅम मिठाला सूत्र 119 बार सांगते, पण खरा दाब सुमारे 125 बार असतो. संपृक्त द्रावणात तर तो 380 बारांच्या आसपास जातो. समुद्राच्या पाण्यासाठीची नेहमीची पटले साधारण 83 बारांपर्यंतच चालवता येतात. त्यामुळे 70 ग्रॅमच्या पाण्यातून एका टप्प्यात पुन्हा निम्मे गोडे पाणी काढणे त्यांना शक्य नसते. तिथे जास्त दाब सोसणारी खास पटले वापरावी लागतात, नाहीतर पाणी तापवून वाफेचा मार्ग धरावा लागतो.