१२ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे!

पॉइंट आणि पायका तर सोपंच आहे, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच आणि १२ पॉइंटचा एक पायका, म्हणजे इंचात सहा पायका. पेपरवाले कॉलमची रुंदी पायकात मोजायचे, अक्षरं पॉइंटात. एम मात्र ठरलेलं माप नाही, जो साइज लावलाय तोच एक एम, १२ पॉइंटच्या मजकुरात एम १२ पॉइंटचा आणि २० च्या मजकुरात २० चा. एम म्हणजे M ची रुंदी असं अजूनही सांगतात ते सोडा आता, टाइम्स न्यू रोमनमधला M एक एमपेक्षा अरुंदच आहे.

खरा घोळ पुढे आहे. "दोन्हीकडे १२ च ठेवलाय, तरी हा फॉन्ट मोठा का दिसतो?" हे मी इतक्यांदा ऐकलंय! कारण पॉइंट साइज अक्षराचा नसतोच, अक्षर ज्या चौकटीत बसतं तिचा असतो. छापखान्यात शिशाचे खिळे असायचे ना, त्या खिळ्याचं अंग वरपासून खालपर्यंत जेवढं तेवढा साइज, वरचं अक्षर त्यात केवढं कोरायचं ते कोरणाऱ्याने ठरवायचं. आता खिळा गेला पण चौकट तीच राहिली.

पटत नसेल तर टाइम्स न्यू रोमन आणि व्हर्डाना दोन्ही ७२ पॉइंटला लावा, १०० टक्के स्केलवर प्रिंट काढा (fit to page असेल तर माप चुकणार) आणि पट्टी धरा. इंचभर म्हणजे २५.४ मिमी अक्षर कुठेच सापडणार नाही. टाइम्सचा H साधारण १७ मिमी भरेल आणि छोटा x जेमतेम ११ च्या पुढे, व्हर्डानाचा x मात्र १४ च्या जवळ जातो. वाचताना डोळ्याला बहुतेक छोटीच अक्षरं लागतात, म्हणून साइज जाणवतो तो x च्या उंचीवरून. टाइम्स १२ ला जोड हवी असेल तर व्हर्डाना १० लावा, x जवळपास सारखे येतात.

मराठीत तर हे जास्तच नडतं. त्याच चौकटीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं एवढं सगळं मावायला हवं, 'र्कीं' आणि 'द्रू' लिहून बघा, म्हणून मूळ 'क' बऱ्याच फॉन्टमध्ये लहान काढावा लागतो. मग पत्रिकेत मराठी १४ आणि इंग्रजीही १४ ठेवलं की इंग्रजी अंगावर येतं. मी आकडा बघतच नाही, 'क' शेजारी x ठेवते आणि दोन्ही डोळ्याला जुळेपर्यंत इंग्रजी कमी करत जाते. आकडे सारखेच हवेत असा हट्ट धरणारे भेटतात, त्यांना दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवते.