स्टार-डेल्टा जोडणी (थ्री-फेज मोटरच्या टर्मिनल पेटीतील)

थ्री-फेज इंडक्शन मोटरच्या स्टेटरमध्ये तीन स्वतंत्र वाइंडिंग असतात. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट अशी एकूण सहा टोके मोटरच्या अंगावरच्या टर्मिनल पेटीत आणून सहा स्टडांवर कसलेली असतात. तीन पितळी पट्ट्यांनी ही टोके एकमेकांना जोडण्याच्या दोन रीती म्हणजे स्टार आणि डेल्टा. पुरवठा तोच राहतो, पण पट्ट्या कशा लावल्या यावर प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला 240 व्होल्ट येणार की 415 व्होल्ट, हे ठरते. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीसारख्या भागात जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या कारागिराला हे तोंडपाठ असते. मोटर भरून घरी नेणाऱ्याला मात्र झाकणाच्या आतल्या आकृतीवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून ती वाचता यायला हवी.

पहिल्या वाइंडिंगची टोके U1 आणि U2, दुसऱ्याची V1 आणि V2, तिसऱ्याची W1 आणि W2. जुन्या मोटरींवर A1-A2, B1-B2, C1-C2 अशा खुणा आढळतात. पुरवठ्याच्या तीन तारा U1, V1 आणि W1 या ओळीला लागतात. समोरच्या ओळीत मात्र U2, V2, W2 असा सरळ क्रम नसतो. तो एका घराने सरकलेला असतो:

```
W2   U2   V2
U1   V1   W1
```

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते, पण सगळी खुबी या सरकण्यातच आहे. U1 च्या समोर U2 असते, तर उभी पट्टी लावताच त्या वाइंडिंगची दोन्ही टोके एकमेकांना चिकटली असती. मग वीज तिच्यातून जायला वाटच उरली नसती. क्रम सरकवल्यामुळे तीन उभ्या पट्ट्या U1 ला W2 शी, V1 ला U2 शी आणि W1 ला V2 शी जोडतात. एका वाइंडिंगचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला, असा बंद त्रिकोण तयार होतो, तोच डेल्टा. त्याच पट्ट्या काढून वरच्या ओळीत आडव्या बसवल्या, तर W2, U2 आणि V2 एकत्र येतात आणि स्टार होतो. त्यांच्या मीलनबिंदूला स्टार पॉइंट म्हणतात. संतुलित पुरवठ्यावर त्याचा दाब शून्याच्या आसपास असतो, त्यामुळे मोटरीला न्यूट्रल आणावी लागत नाही.

लाइन व्होल्टेज म्हणजे पुरवठ्याच्या कोणत्याही दोन तारांमधला दाब, आणि फेज व्होल्टेज म्हणजे एका वाइंडिंगच्या दोन टोकांमधला दाब. समभुज त्रिकोणाचे तीन कोपरे म्हणजे तीन फेज आणि त्याचा मध्य म्हणजे न्यूट्रल अशी कल्पना केली, की हिशोब डोळ्यांसमोर येतो. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत 240 आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 415. हे गुणोत्तर भूमितीने ठरलेले आहे: √3, म्हणजे 1.732. स्टारमध्ये वाइंडिंग मध्य आणि कोपरा यांच्यात लागते, म्हणून तिला 240 मिळतात आणि लाइनचा सगळा प्रवाह तिच्यातूनच जातो. डेल्टामध्ये ती दोन कोपऱ्यांमध्ये असते. तिला पूर्ण 415 मिळतात, पण लाइनचा प्रवाह दोन वाइंडिंगांत वाटला जातो आणि तिच्यातून लाइन प्रवाहाचा 0.58 पट भागच जातो.

कोणती जोडणी करायची हे मोटरीच्या नावपट्टीवर लिहिलेले असते. भारतातल्या 415 व्होल्टच्या मोटरींत साधारणपणे 2 अश्वशक्तीपर्यंत स्टार आणि त्यावर डेल्टा असा रिवाज आहे. तरीही नावपट्टी वाचल्याशिवाय नट कसू नये.

चूक झाली तर काय होते, ते 5 अश्वशक्तीच्या पंपाच्या मोटरीवर पाहू. नावपट्टीवर 415 V Δ, 7.5 A लिहिले आहे, म्हणजे पूर्ण भारावर एका वाइंडिंगमधून सुमारे 4.33 अँपिअर जावेत असा तिचा आराखडा आहे. मोटर भरून आली आणि पट्ट्या आडव्या लागल्या. आता प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात. टॉर्क, म्हणजे मोटरीचा फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाबरोबर घटतो, त्यामुळे तो एक तृतीयांश उरतो. मोटरीचा कमाल टॉर्क पूर्ण भाराच्या अडीचपट असेल, तर स्टारमध्ये तो 0.83 पटच राहील. दुकानात रिकामी चालवली तर ती शांत, गोड फिरते, क्लॅम्प मीटर नेहमीच्या तृतीयांशाच्या आसपास प्रवाह दाखवतो आणि सगळ्यांना काम छान झाले असे वाटते. पंपाला जोडल्यावर मात्र ती वेग घ्यायला वेळ लावते, वेग कमी राहतो आणि पाण्याचा जोर कमी पडतो.

खरा धोका याच्या पुढचा आहे. दोन तृतीयांश भारावर ही मोटर जेमतेम तग धरते आणि वाइंडिंगमधून 5 ते 6 अँपिअर वाहतात. हा 4.33 पेक्षा बराच जास्त प्रवाह तारेला तापवतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मात्र लाइनमध्ये 7.5 अँपिअरवर लावलेला असतो आणि स्टारमध्ये लाइनचा प्रवाह म्हणजेच वाइंडिंगचा प्रवाह. रिलेच्या लेखी सगळे ठीक असते, म्हणून तो वीज तोडत नाही. काही दिवसांनी वार्निशचा करपट वास येतो आणि मोटर पुन्हा भरायला जाते. अशा वेळी नव्या तारेला किंवा पंपाला दोष देण्याआधी टर्मिनल पेटीचे झाकण उघडावे.

उलट चूक जास्त लवकर कळते. स्टारच्या 2 अश्वशक्तीच्या मोटरीला उभ्या पट्ट्या लागल्या, तर 240 व्होल्टच्या वाइंडिंगवर 415 येतात. लोखंडी गाभा संपृक्त होतो, चुंबकन प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, मोटर रिकामी असतानाही मोठ्याने गुंजते आणि तापू लागते. इथे रिले बहुधा वीज तोडतो, म्हणून ही चूक मोटरीचा जीव घेण्याआधी उघड होण्याची शक्यता जास्त.

पेटीतील जोडणी वीज बंद करून, पुरवठ्याच्या तारा सोडवून ओहममीटरनेही ओळखता येते. U1 आणि V1 यांच्यामध्ये स्टारमध्ये दोन वाइंडिंग ओळीने येतात. डेल्टामध्ये एक वाइंडिंग आणि तिला समांतर उरलेल्या दोन येतात. वाइंडिंग 4.5 ओहमची असेल, तर स्टारमध्ये 9 आणि डेल्टामध्ये 3 ओहम दिसतील.

स्टार-डेल्टा स्टार्टर हा या दोन जोडण्यांचाच उपयोग आहे: सुरुवात स्टारमध्ये, वेग आल्यावर डेल्टा. त्यासाठी नावपट्टीवर 415 V Δ असलेलीच मोटर लागते. सुरुवातीचा लाइन प्रवाह डेल्टाच्या तृतीयांश होतो, पण टॉर्कही तेवढाच घटतो. म्हणून भरलेला कन्व्हेयर किंवा दाबाविरुद्ध सुरू होणारा कॉम्प्रेसर अशा स्टार्टरवर अडून बसतो. या स्टार्टरमध्ये सहाही टोके बाहेर नेतात, तेव्हा पेटीतल्या सगळ्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. उभ्या पट्ट्या तशाच राहिल्या आणि स्टार कॉन्टॅक्टर बंद झाला, तर तो U2, V2 आणि W2 यांना एकत्र आणतो आणि ती टोके पट्ट्यांमधून थेट तीन फेजना जोडलेली असतात. त्या क्षणी तिन्ही फेज एकमेकांत शॉर्ट होतात आणि कॉन्टॅक्टरची टोके जळतात. ओव्हरलोड रिले वाइंडिंगकडे जाणाऱ्या तारांत असेल, तर वरच्या 5 अश्वशक्तीच्या मोटरीसाठी तो 7.5 ऐवजी 0.58 पटीने, म्हणजे 4.3 अँपिअरच्या आसपास लावायचा.