वाटाण्याचे २४ वाफे आणि जमिनीचा वाटा

एका वाफ्यातून ६९.५ पौंड वाटाणा निघाला, दुसऱ्यातून ४४.२ पौंड. दोन्ही वाफे सारख्याच आकाराचे, प्रत्येकी एकराचा सत्तरावा भाग, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्ध्या गुंठ्याहून थोडे मोठे. पहिल्याला नत्र दिलं होतं, दुसऱ्याला स्फुरद. मग पंचवीस पौंडांचा हा फरक नत्राने पडला असं म्हणायचं का?

नाही म्हणता येत. शेताचे सहा तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडलेले होते. पहिला वाफा ब्लॉक ३ मधला आहे, दुसरा ब्लॉक ४ मधला. ब्लॉक ३ च्या चार वाफ्यांची सरासरी ६०.८ पौंड आहे आणि ब्लॉक ४ ची ५०.१. दोन्ही ब्लॉकमध्ये निम्म्या वाफ्यांना नत्र आहे, निम्म्यांना स्फुरद आणि निम्म्यांना पालाश. तरीही सरासरीत दहा पौंडांहून जास्त अंतर पडलं. ते जमिनीचं आहे. कुठे माती खोल असते, कुठे ओल टिकते, कुठे उतारावरून कस वाहून गेलेला असतो. शेतात राबणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. प्रश्न असतो तो हा, की खताचा परिणाम मोजताना जमिनीचा हा वाटा वेगळा कसा काढायचा.

हे आकडे मी मुद्दाम निवडले, कारण ते तुमच्याकडेही आहेत. आर ही संगणकीय भाषा बसवली की तिच्यासोबत `npk` नावाचा विदासंच आपोआप येतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या एम.एस्सी.च्या सरावपत्रिकेतून तो घेतलेला आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा वाटाण्यावरचा प्रयोग, सहा ब्लॉक, प्रत्येकात चार वाफे. `npk` एवढंच टाइप केलं की चोवीस ओळी पडद्यावर येतात. खत दिलं असेल तर `1`, नसेल तर `0`.

ब्लॉक पाडण्याची युक्ती साधी आहे. शेताचे असे तुकडे पाडायचे की एका तुकड्यातली जमीन शक्य तितकी सारखी असेल. मग प्रत्येक तुकड्यात कुठल्या वाफ्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि चिठ्ठ्या ब्लॉकगणिक नव्याने टाकायच्या. रोथॅमस्टेड या इंग्लंडमधल्या कृषी संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी ही पद्धत बसवली आणि तिच्या हिशेबासाठी अनोव्हा हे तंत्रही दिलं. आपल्या कृषी महाविद्यालयांत याच मांडणीला सगळे आरबीडी म्हणतात. उतार असेल तर ब्लॉक उताराला आडवे पाडावेत, म्हणजे एका ब्लॉकचे सगळे वाफे एकाच पातळीवर येतात. ब्लॉक उताराच्या दिशेने लांबट पाडले, तर वरची हलकी आणि खालची भारी जमीन एकाच ब्लॉकमध्ये येते. मग पुढचं कुठलंही गणित ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

आता आरमध्ये:

```r
m <- aov(yield ~ block + N + P + K, data = npk)
summary(m)
```

पहिली ओळ असं सांगते की उत्पन्न चार गोष्टींवर अवलंबून आहे असं धरू: ब्लॉक, नत्र, स्फुरद आणि पालाश. दुसरी ओळ तक्ता छापते. पण तक्त्याआधी एकच वाफा हातात घेऊन पाहा, म्हणजे तक्त्यात काय आहे ते लगेच कळतं.

तो ६९.५ पौंडांचा वाफा घेऊ. सगळ्या शेताची सरासरी ५४.८८ पौंड. हा वाफा ब्लॉक ३ मध्ये आहे आणि तो ब्लॉक सरासरीहून ५.९० पौंडांनी वर आहे. नत्र मिळालेले वाफे सरासरीहून २.८१ ने वर आहेत, ते याला मिळालं. स्फुरद नसलेले वाफे ०.५९ ने वर, पालाश नसलेले १.९९ ने वर. याला दोन्ही नव्हती. बेरीज ६६.१७. प्रत्यक्षात निघाले ६९.५. उरलेल्या ३.३३ पौंडांचं कारण आपल्याकडच्या माहितीत नाही. वाफ्यातला एखादा ओलसर कोपरा असेल, पेरणीतलं कमीजास्त असेल, तोडणीतला फरक असेल. हा उरलेला भाग म्हणजे शिल्लक.

चोवीसही वाफ्यांचे असे तुकडे करायचे, प्रत्येक प्रकारच्या तुकड्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, की झालं अनोव्हा. तक्ता असा दिसतो:

```
            Df Sum Sq Mean Sq F value  Pr(>F)
block        5  343.3   68.66   4.288 0.01272 *
N            1  189.3  189.28  11.821 0.00366 **
P            1    8.4    8.40   0.525 0.47999
K            1   95.2   95.20   5.946 0.02767 *
Residuals   15  240.2   16.01
```

`Sum Sq` म्हणजे ती वर्गांची बेरीज. सगळ्यात मोठा आकडा ब्लॉकचा आहे, ३४३.३. या शेतात एकट्या नत्राने जेवढा फरक पाडला, त्याहून जास्त फरक जमिनीने पाडला. `Df` म्हणजे त्या फरकात किती स्वतंत्र तुलना आहेत ती संख्या: सहा ब्लॉकांत पाच, दिलं-न दिलं यात एक. बेरजेला या संख्येने भागलं की `Mean Sq` येतो, आणि त्याला शिल्लकीच्या १६.०१ ने भागलं की `F value`. नत्राचा हा आकडा ११.८ आहे. म्हणजे नत्राने पाडलेला फरक हा आपोआप पडणाऱ्या फरकाच्या जवळजवळ बारा पट आहे. शेवटचा स्तंभ सांगतो की खताचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता किती. नत्रासाठी ती हजारात चारही नाही.

आता `block` हा शब्द काढून टाका आणि तेच गणित पुन्हा करा. जमिनीचे ३४३.३ आता शिल्लकीत जाऊन पडतात. शिल्लक २४०.२ वरून ५८३.५ होते आणि भाजक १६.०१ वरून २९.१७ वर जातो. नत्राचा आकडा ११.८ वरून ६.५ वर येतो, तरी तो तग धरतो. पालाशचा ५.९ वरून ३.३ वर येतो आणि शक्यता ०.०८६ होते. ०.०५ च्या नेहमीच्या मापाने पालाशचा परिणाम दिसेनासा होतो. वाफे तेच, वाटाणा तोच. विश्लेषणात एक शब्द गळला आणि निष्कर्ष बदलला.

हा शब्द लिहूनही गळू शकतो, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त भेटते. ब्लॉकना आपण १, २, ३ असे क्रमांक देतो. एक्सेलमधून फाइल वाचून घेतली की आरला ते नुसते आकडे वाटतात. ब्लॉक ६ हा ब्लॉक ३ च्या दुप्पट आहे असं समजून तो सहा ब्लॉकांतून एक सरळ रेघ ओढतो. `npk` मध्ये ब्लॉक आधीच नीट नोंदलेले आहेत, पण मी मुद्दाम त्यांचे आकडे करून पाहिले. ब्लॉकच्या ओळीत ३४३.३ ऐवजी फक्त २२.४ उरले, बाकी सगळं शिल्लकीत गेलं आणि पालाश पुन्हा हरवलं. आर कुठलीही चूक दाखवत नाही. तक्ता व्यवस्थित छापला जातो, ०.०५ च्या खालच्या शक्यतांसमोर तारेही येतात. खूण एकच: ब्लॉकच्या ओळीत `Df` पाहा. सहा ब्लॉक असतील तर तिथे ५ हवेत. १ दिसला तर थांबा आणि ही ओळ आधी चालवा (`d` म्हणजे तुमचा तक्ता):

```r
d$block <- factor(d$block)
```

खतांच्या मात्रा ०, ५०, १०० किलो अशा लिहिल्या असतील तर त्यांनाही हेच लागू आहे, एवढंच की तिथे सरळ रेघ कधी कधी हवीही असते. ब्लॉकच्या बाबतीत ती कधीच नको.

ब्लॉकसमोरचा तारा पाहून कुणी "ब्लॉकचा परिणाम लक्षणीय आहे" असं प्रबंधात लिहितं. ते लिहू नये. कुठली जमीन कुठल्या ब्लॉकमध्ये जाईल हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नसतं, त्यामुळे ती ओळ फक्त हिशेबासाठी असते. तारा नसला म्हणून ब्लॉक काढून टाकणंही तितकंच चुकीचं. मांडणी ब्लॉकची होती, तर विश्लेषणही ब्लॉकचंच हवं.

तारे परिणाम आहे एवढंच सांगतात, किती आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी:

```r
model.tables(m, "means", se = TRUE)
qt(0.975, 15) * 1.634
```

पहिल्या ओळीने सरासऱ्या मिळतात, आणि दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाणित त्रुटीही: खतांसाठी १.६३४. दुसरी ओळ तिच्यावरून ३.४८ हा आकडा देते. कृषी अहवालांत सीडी म्हणून छापतात तो हाच, ५ टक्के पातळीवरचा. फरक याहून मोठा असेल तर दखल घ्यायची. नत्राने वाफ्यामागे ५.६२ पौंड वाढले. स्फुरदाचा फरक १.१८, म्हणजे गणतीत नाही. पालाशचा फरक ३.९८ आहे, पण उणे: पालाश दिलेल्या वाफ्यांत वाटाणा कमी आला. ताऱ्याला दिशा नसते, म्हणून सरासरी पाहिल्याशिवाय "पालाशचा परिणाम दिसला" असं वाक्य लिहिलं तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल. आणि हे त्या एका शेतातलं. दुसऱ्या मातीत पालाशने काय होईल ते या चोवीस वाफ्यांवरून सांगता येत नाही.

खतं एकमेकांच्या जोडीने वेगळी वागतात का, हे पाहायला `N + P + K` ऐवजी `N*P*K` लिहितात. तसं केलं की दोन-दोनच्या तीन जोड्या तक्त्यात येतात, आणि तिन्हींच्या शक्यता ०.०५ च्या वरच राहतात. पण तिन्ही खतांची एकत्र ओळ, `N:P:K`, येतच नाही. पुष्कळांना इथे आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. वाफे पुन्हा पाहा. तीन खतांच्या दिलं-न दिलं अशा आठ जोडण्या होतात आणि ब्लॉकमध्ये वाफे चारच. त्यामुळे ब्लॉक १, ५ आणि ६ मध्ये एकही खत नसलेला वाफा आणि दोन-दोन खतांचे तीन वाफे आहेत. ब्लॉक २, ३ आणि ४ मध्ये एकेक खताचे तीन आणि तिन्ही खतांचा एक. तिन्हींचा एकत्रित परिणाम म्हणजे नेमकी या दोन गटांमधली तुलना, आणि ती ब्लॉकांच्या फरकात पूर्ण मिसळून गेली आहे. मांडणी करणाऱ्याने ब्लॉक लहान ठेवून जमीन सारखी मिळवली, आणि बदल्यात सगळ्यात कमी कामाची ही एक तुलना सोडून दिली. `summary` न करता नुसतं नाव टाइप करून हे मॉडेल पाहिलं, तर आर खाली एका ओळीत तेच सांगतो: `1 out of 13 effects not estimable`.