ओव्हरड्राफ्ट खात्यावरील दैनंदिन व्याज

शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलू देणाऱ्या ओव्हरड्राफ्ट खात्यात रोज दिवसअखेर जी नावे बाकी, म्हणजे बँकेचे देणे, उरते, तिच्यावर त्या एका दिवसाचे व्याज धरून महिन्याच्या शेवटी सर्व दिवसांची बेरीज खात्याला नावे टाकण्याची पद्धत. बोलण्यात खात्याला ‘ओडी’ म्हणतात आणि बाकी गुणिले दिवस या आकड्याला बँकेतली मंडळी ‘प्रॉडक्ट’ म्हणतात. संगणक येण्याआधी खातेवहीत दिवसांचा व प्रॉडक्टचा वेगळा रकाना असे आणि कारकून ती बेरीज हाताने करी. आज बेरीज संगणक करतो, रीत तीच आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला की या खात्याची गरज नीट कळते. सौदा झाल्यावर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचे पैसे, आधी भागवावी लागते, खरेदीदाराचे पैसे मागून येतात. मधले दिवस ओडीवर निघतात. किती रक्कम किती दिवस अडकणार हे आधी ठरत नसल्यामुळे ठरावीक हप्त्याचे कर्ज येथे गैरसोयीचे पडते.

समजा, एका अडत्याची मर्यादा ५ लाख रुपये आणि दर वर्षाला १०.९५ टक्के आहे. हा दर हिशेबाला सोपा म्हणून घेतला आहे. ३६५ ने भागल्यावर तो दिवसाला शंभर रुपयांमागे ३ पैसे, म्हणजे लाखाला ३० रुपये होतो.

एप्रिल उजाडला तेव्हा खात्यात २ लाख नावे होते. ही बाकी ६ तारखेपर्यंत टिकली. रोजचे ६० याप्रमाणे ६ दिवसांचे ३६० रुपये झाले. ७ तारखेला पट्ट्या भागवण्यासाठी दीड लाख उचलले आणि बाकी साडेतीन लाखांवर गेली. १५ तारखेपर्यंतच्या ९ दिवसांचे, रोज १०५ प्रमाणे, ९४५ रुपये. १६ ला खरेदीदाराकडून ३ लाख जमा झाले, ५० हजार नावे राहिले, २० पर्यंतच्या ५ दिवसांचे ७५ रुपये. २१ ला आणखी ८० हजार आले आणि खाते उलटून ३० हजार जमा बाकी दिसू लागली. २५ ला १ लाख ३० हजार उचलल्यावर पुन्हा १ लाख नावे झाले. ३० पर्यंतच्या या ६ दिवसांचे १८० रुपये.

मधल्या ४ दिवसांचे काय? खाते जमेत होते, म्हणून त्या दिवसांचे व्याज शून्य. ३० हजारांवर खातेदाराला सहसा काही मिळत नाही, आणि ती जमा इतर दिवसांच्या नावे बाकीतून वजाही होत नाही. एकूण व्याज १,५६० रुपये. प्रॉडक्टची बेरीज ५२ लाख येते, तिच्यावरून सूत्राने पडताळता येते:

व्याज = प्रॉडक्टची बेरीज × दर ÷ ३६,५००

पुष्कळ जण महिन्याची पहिली आणि शेवटची बाकी घेऊन सरासरी काढतात. येथे ती दीड लाख येते आणि व्याज १,३५० ठरते. मग बँकेने २१० रुपये जादा घेतले असा समज होतो. खरे तर ७ ते १५ तारखेचा मोठा बोजा त्या सरासरीत कुठेच उतरलेला नसतो. पडताळणी करायची तर उताऱ्यावर प्रत्येक तारखेची शेवटची ओळ घ्यावी. दिवसात कितीही उचल आणि भरणा झाला तरी व्याज दिवसअखेरच्या ‘Dr’ म्हणजे नावे बाकीवरच चढते. ज्या तारखेला व्यवहार नाही, रविवार असो की सणाची सुट्टी, तिला आदल्या दिवसाची बाकी लागू राहते.

खरा घोळ चेकमुळे होतो. वरचे ३ लाख १६ तारखेला चेकने भरले आणि तो १८ ला वटला, तर व्याजासाठी १८ हीच तारीख धरली जाते. दोन दिवस साडेतीन लाखांचीच बाकी चालते आणि व्याज १८० रुपयांनी वाढून १,७४० होते. भरणा पावतीवर १६ तारीख असते, म्हणून खातेदाराला चूक बँकेची वाटते. उताऱ्यावर व्यवहाराच्या तारखेशेजारी मूल्य तारखेचा रकाना असेल तर तोच पाहावा.

मर्यादेच्या वर गेलेल्या रकमेचे नियम वेगळे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या सूचनेनुसार दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळा आकार म्हणून लावावा लागतो, आणि त्या आकारावर पुढे व्याज चढवता येत नाही.

नेहमीच्या व्याजाला मात्र ही सवलत नाही. एप्रिल २००२ पासून बँका कर्जावरील व्याज, शेतीकर्जांचा अपवाद सोडून, तिमाहीऐवजी दरमहा नावे टाकतात. त्यामुळे ३० एप्रिलला १,५६० रुपये भरले नाहीत तर १ मे रोजी बाकी १,०१,५६० होते आणि त्या दिवसाचे व्याज ३० रुपयांऐवजी ३० रुपये ४७ पैसे लागते.