लहान मुलांमधले नाईट टेरर आणि परत परत पडणारी वाईट स्वप्नं

नाईट टेरर म्हणजे गाढ झोपेतलं मूल अचानक किंचाळून उठून बसतं, घामाने भिजलेलं असतं, छाती धडधडत असते, डोळे सताड उघडे, पण समोर आई उभी असली तरी तिला ओळखत नाही, उलट जवळ घ्यायला गेलं तर ढकलून देतं. साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. वाईट स्वप्न, म्हणजे नाईटमेअर, ही वेगळीच गोष्ट आहे. घरात मात्र दोन्हीला "झोपेत घाबरतो" असंच म्हणतात आणि मग उपाय चुकतात, कारण वाईट स्वप्नात मुलाला जवळ घेऊन बोलायचं असतं आणि टेररमध्ये शक्यतो हातच लावायचा नसतो.

फरक ओळखायला सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. आपली गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, आणि नाईट टेरर याच गाढ झोपेतून येतो, म्हणून तो बहुतेक वेळा मूल झोपल्यावर १ ते ३ तासांत होतो, म्हणजे मोठी माणसं टीव्ही बंद करून नुकती आडवी झालेली असतात तेव्हा. त्या वेळी मेंदूचा एक भाग जागा झालेला असतो आणि बाकीचा झोपलेलाच असतो, त्यामुळे मूल ओरडतं, हातपाय झाडतं, कधी उठून पळतंही, पण ते जागं नसतं. स्वप्नं मात्र मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात त्या झोपेत, पडतात आणि ही झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणून पहाटे चार-पाचला मूल रडत उठलं, "कुत्रा मागे लागला होता" असं सांगायला लागलं, आईला घट्ट धरून बसलं आणि परत झोपायला घाबरलं, तर ते स्वप्न. आणि सकाळी विचारलं तर स्वप्न पडलेल्या मुलाला कुत्रा आठवतो, टेरर झालेल्या मुलाला काहीच आठवत नाही, ते मजेत दूध पिऊन खेळायला जातं आणि रात्रभर जागे राहिलेले असतात आईबाबा.

आपल्याकडे असं झालं की दृष्ट काढायची पद्धत आहे, मीठ-मोहरी ओवाळतात, कुणी अंगारा लावतं, आणि खरंच मूल पाच-दहा मिनिटांत शांत होतं. पण टेरर तसाही काही मिनिटांतच आपोआप संपतो, क्वचित अर्धा तास चालतो, त्यामुळे शेवटी जे काही केलं त्यानेच गुण आला असं वाटणं अगदी साहजिक आहे. आजीने दृष्ट काढली तर काही बिघडत नाही, फक्त त्यासाठी लाईट लावून, मुलाला उभं करून, तोंडावर पाणी मारून उठवू नये. जबरदस्तीने उठवलं की मूल जास्त गोंधळतं आणि प्रकार लांबतो. "बाहेरचं काहीतरी दिसलं असेल" असं तर मुलाच्या समोर कधीच बोलू नये, कारण ज्या गोष्टीची त्याला आठवणच नाही तिची भीती मग आपणच त्याच्या डोक्यात घालतो.

मग त्या वेळी करायचं काय, तर बाजूला बसायचं, मूल पलंगावरून पडणार नाही, भिंतीवर डोकं आपटणार नाही एवढं बघायचं, हळू आवाजात "मी आहे, झोप" म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं फार अवघड जातं हे मान्य, आपलं मूल ओरडतंय आणि आपण नुसतं बसायचं, पण मदत त्यातच आहे. ज्या मुलाला वारंवार होतं त्याला बंक बेडवर वरती झोपवू नका, खाली गादी घाला, बाल्कनीच्या आणि मेन दाराची वरची कडी लावा.

कारण बघायला गेलं तर घराण्यात हे असतंच बऱ्याचदा, बाबा लहानपणी झोपेत चालायचे असं विचारल्यावर कळतं. पण रात्री ते नेमकं सुरू करणारं कारण बहुतेक वेळा अपुरी झोप असतं, शिवाय ताप, साठलेली लघवी, नवीन जागा, आणि टॉन्सिल किंवा नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढल्यामुळे झोपेत अडकणारा श्वास.

एक उदाहरण धरू. चार वर्षांची मुलगी, जूनमध्ये शाळा सुरू झाली, दुपारची दीड तासाची झोप बंद झाली, रात्री बाबा उशिरा येतात म्हणून ती साडेदहाला झोपते आणि सकाळी व्हॅनसाठी साडेसहाला उठवतात. म्हणजे झोप ८ तास, आणि या वयाला दुपारची धरून १० ते १३ तास लागतात. झोप कमी पडली की मेंदू गाढ झोप जास्त जोर लावून घेतो आणि त्यातून बाहेर येताना अडखळतो, म्हणून दोन आठवड्यांत रोज बाराच्या सुमाराला किंचाळणं सुरू झालं. इथे पहिलं काम म्हणजे झोप साडेआठ-नऊवर आणणं, रोज १५ मिनिटं आधी असं करत करत, आणि जमलं तर दुपारी तासभर झोपू देणं. बऱ्याच घरांत एवढ्यानेच फरक पडतो.

नाही पडला आणि टेरर रोज ठरलेल्या वेळीच येत असेल तर एक साधा उपाय आहे, जो ब्रायन लास्क या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. आधी पाच रात्री वेळ लिहून ठेवायची. समजा झोपल्यावर दीड तासाने होतंय, तर सव्वा तास झाला की मुलीला हळूच हलवून जागं करायचं, डोळे उघडले, कूस बदलली, दोन घोट पाणी प्यायली की परत झोपू द्यायचं. हे दोन-चार आठवडे रोज करायचं. वेळ रोज बदलत असेल तर मात्र याचा उपयोग होत नाही, उगाच झोपमोड होते. आणि झोपायची वेळ बदलली की मोजणीही तिथूनच धरायची, घड्याळातले बारा वाजलेले धरून बसायचं नाही.

परत परत पडणाऱ्या एकाच स्वप्नाला वेगळी वागणूक लागते. रात्री जवळ घ्यायचं, थोडक्यात ऐकायचं, लांबड लावायची नाही. खरं काम दिवसा, उजेडात. मुलाला स्वप्न कागदावर काढायला सांगायचं आणि मग त्याचा शेवट त्यानेच बदलायचा, कुत्र्याला बिस्कीट देऊन दोस्ती केली, पंख फुटले आणि उडून गेलो, त्याला जे सुचेल ते. तो नवा शेवट रोज झोपायच्या आधी एकदा बोलायचा. आपण शेवट सुचवला तर तितकासा लागू पडत नाही, मुलाचा स्वतःचा हवा. अपघात, घरातला मृत्यू, मारहाण असं काही झाल्यावर तेच स्वप्न महिनाभर येत राहिलं, किंवा मूल झोपायलाच नको म्हणायला लागलं, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

डॉक्टरांना केव्हा दाखवायचं हे नीट कळायला हवं, कारण फिट येण्याचा एक प्रकारही झोपेतच होतो आणि तो टेररसारखा दिसू शकतो. एका रात्रीत अनेकदा होणं, प्रत्येक वेळी हुबेहूब त्याच हालचाली, अर्ध्या-एक मिनिटात संपणं, अंग ताठ होणं, तोंड एका बाजूला वळणं, दिवसाही असं काही होणं, यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. रोज घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवायला लागतं, कारण श्वासाचा अडथळा दूर झाल्यावर टेररही थांबलेले दिसतात. तोंडी वर्णन करताना आईबाबांची फार तारांबळ होते, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, अगदी सुरुवातीपासून मूल परत झोपेपर्यंत, आणि सोबत किती वाजता झोपलं नि किती वाजता झालं ते लिहून न्या.