चौदा वेळा वाचूनही चाळीस टक्केच

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला आणि 2006 साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना पानभराचा एक उतारा दिला. एका गटानं पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत तो नुसता वाचला. सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटानं पहिल्या फेरीत वाचला, मग उतारा काढून घेतल्यावर आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवलं, आणि पुन्हा न वाचता हे उतरवणं तीनदा केलं. त्यांचं वाचन सरासरी साडेतीन वेळासुद्धा भरलं नव्हतं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर वाचणाऱ्यांना 83 टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना 71. आठवड्यानं घेतली, तर वाचणारे 40 वर घसरले आणि लिहिणारे 61 वर टिकले. गंमत म्हणजे आठवड्यानंतर किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री होती ती चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

पाच मिनिटांनंतरच्या त्या 83 टक्क्यांमुळेच पोरं वाचनाला चिकटून राहतात. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर डोळ्यांना ओळखीचा झालेला असतो, वाक्यं अडत नाहीत, आणि ‘हे येतंय’ असं वाटायला लागतं. पण पेपरात पान समोर नसतं. तिथं ओळख पटवायची नसते, रिकाम्या जागेतून उत्तर ओढून काढायचं असतं, आणि त्या ओढण्याचा सराव वाचताना एकदाही झालेला नसतो. कार्पिके आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 177 विद्यार्थ्यांना अभ्यासाची पद्धत विचारली, तेव्हा 84 टक्क्यांनी नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असं सांगितलं. स्वतःहून आठवून पाहणारे 11 टक्केच निघाले.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात यात आणखी एक गुंता असतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि कॉलेजात गेल्या गेल्या सगळं इंग्रजीत. वाक्यच नीट कळत नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा वाचलं जातं, आणि समजून घेण्यासाठीचं वाचन अन् लक्षात ठेवण्यासाठीचं वाचन यांची सरमिसळ होते. पहिलं वाचन हवंच. न कळलेलं आठवायचा सराव करण्यात अर्थ नाही. एकदा-दोनदा सावकाश वाचावं, अडलेल्या शब्दाचा मराठी अर्थ समासात लिहावा, शेजारच्याला मराठीतून सांगून बघावं. त्यानंतर मात्र पुस्तक मिटायचं.

बीएस्सीला असलेलं ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याची प्रक्रिया घेऊ. सेमिस्टरचा पेपर पाच आठवड्यांवर आहे असं धरू. समजून झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर पाच-सहा प्रश्न लिहून ठेवायचे: पेशीत कुठं घडतं, टप्पे किती, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी कोणत्या टप्प्यांवर खर्च होतं आणि कोणत्या टप्प्यांवर मिळतं, उलट न फिरणारे तीन टप्पे कोणते आणि त्यांची विकरं कोणती, ऑक्सिजन नसेल तर पायरुवेटचं पुढं काय होतं. ‘ग्लायकोलिसिस म्हणजे काय’ हा प्रश्न इथं कामाचा नाही. त्याला कसंही उत्तर दिलं तरी बरोबर वाटतं.

आता कोरा कागद आणि दहा मिनिटं. अडलं तरी पुस्तक उघडायचं नाही, जागा सोडून पुढं जायचं. मग लाल पेननं तपासायचं. हमखास सापडणारी चूक म्हणजे ‘एका ग्लुकोजपासून 4 एटीपी मिळतात’. तयार चारच होतात, पण हेक्झोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकरांच्या टप्प्यांवर आधीच दोन खर्च झालेले असतात, म्हणून निव्वळ लाभ दोनच. पुस्तकात ही ओळ ठळक अक्षरात असते आणि वाचताना दर वेळी मान डोलते. कागदावर मात्र चार उमटतात. दुसरी जागा म्हणजे उलट न फिरणारा तिसरा टप्पा. पायरुवेट कायनेज आठवत नाही आणि त्या जागी आल्डोलेज लिहिलं जातं. तपासून झालं की चुकलेल्या तेवढ्याच गोष्टी कागद झाकून पुन्हा लिहायच्या आणि मगच उठायचं.

पुढची फेरी कधी? सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर हेच तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन बैठकांत साधारण एक दिवसाचं अंतर बरं ठरलं, पाच आठवड्यांवर असेल तर साधारण अकरा दिवसांचं. त्यांनी दोनच बैठका घेतल्या होत्या. प्रत्यक्ष अभ्यासात नवा धडा पक्का व्हायला सुरुवातीला जवळजवळच्या फेऱ्या लागतात. म्हणून पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, मग चौदाव्या आणि पंचविसाव्या दिवशी, शेवटची फेरी पेपरच्या दोन-तीन दिवस आधी, असा बेत या धड्याला पुरतो. पहिल्या बैठकीला पाऊण तास जाईल, नंतरच्या फेऱ्या पंधरा मिनिटांत आणि शेवटच्या त्याहून लवकर आटपतात. ही अंतरं काही दगडावरची रेघ नव्हेत. अर्ध्याहून जास्त विसरलं असेल तर अंतर फार झालं, पुढची फेरी अलीकडे आणायची. सगळं न अडखळता आलं तर पुढं ढकलायची. थोडं डोकं खाजवावं लागलं आणि मग आठवलं, तर अंतर बरोबर पडलं असं समजावं.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक म्हणजे अडल्याबरोबर पुस्तकात डोकावणं. त्यानं आठवण्याचा सराव पुन्हा वाचनच होऊन बसतो. दुसरं म्हणजे एकदा बरोबर आलं की तो प्रश्न कायमचा सोडून देणं. रोडिगर-कार्पिके यांनी 2008 मध्ये स्वाहिली शब्दांच्या चाळीस जोड्यांवर हे दाखवलं. एकदा आठवलेले शब्दही पुढच्या चाचण्यांत ठेवले, तेव्हा आठवड्यानं सुमारे 80 टक्के लक्षात राहिले. चाचणीतून काढून नुसते वाचायला ठेवले, तेव्हा जेमतेम 35 टक्क्यांच्या आसपास. म्हणून पहिल्या दिवशी जमलेला ‘टप्पे किती’ हा प्रश्नही पाचव्या दिवशी यादीत हवाच.

पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर पहिल्या एक-दोन फेऱ्या मराठीत चालतील. पुढच्या मात्र इंग्रजी वाक्यांत लिहाव्यात. विषय येत असून वाक्य जुळत नाही, ही अडचण हॉलमध्ये कळून उपयोग नसतो. खानापूर-बेळगाव बसमध्ये उभं राहून लिहिता येत नाही, पण वहीच्या त्या शेवटच्या पानावरचा एकेक प्रश्न बघून उत्तर मनात पूर्ण जुळवायचं आणि उतरल्यावर ताडून बघायचं, एवढं जमतं. फक्त ‘हां, हे येतं’ म्हणून पुढच्या प्रश्नावर उडी मारायची नाही.

बीकॉमच्या अकाउंट्सला किंवा फिजिक्सच्या गणितांना प्रश्नांची यादी पुरत नाही. तिथं आठवण्याचा सराव म्हणजे सोडवलेलं उदाहरण झाकून ते पहिल्या नोंदीपासून स्वतः सोडवणं, आणि पुढच्या फेरीला आकडे बदलून दुसरं घेणं. आणि एखादा धडा पेपरच्या आदल्या रात्रीपर्यंत उघडलेलाच नसेल, तर या सगळ्या बेताला वेळच उरलेला नसतो. तेव्हा सरळ वाचून घ्यावा. सकाळपर्यंत बराचसा टिकेल. पुढच्या सेमिस्टरला त्याच्यावर आधारलेला धडा आला की तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, एवढं धरून चालावं.